धार बारीक ठेव

"कस्टर्ड म्हणे," आबा भिंतीकडे तोंड करून पुटपुटले. "रव्याचे लाडू दुधात सोडल्यासारखं दिसतंय."

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जे कोणाला सांगायचं नसतं ते ते भिंतीला सांगतात. भिंत आणि माझा कान यांच्यात त्या वेळी वीतभर अंतर होतं, कारण ते रिकामा कप घेऊन माझ्या पाठीमागेच चहाची वाट बघत उभे होते. वय झालं तसं त्यांना कमी ऐकू येतं, आणि म्हणून सगळ्यांनाच कमी ऐकू येतं असा त्यांचा समज आहे.

"आबा, मला ऐकू येतं," मी म्हटलं.

"तुला नाही गो बोललो. असंच."

तोप शेगडीवर होता, डाव माझ्या हातात होता, आणि आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. दूध पिवळंधमक झालं होतं आणि त्यात सुपारीएवढाल्या गुठळ्या तरंगत होत्या. डावाने एक तोपाच्या कडेशी दाबून फोडली. आत कोरडी पावडर, डब्यातून काढावी तशी.

संध्याकाळी तनयाचा दहावा वाढदिवस. तनया म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, शीतलची मुलगी. अंगणात मांडव घालून झाला होता, आमच्या साखळी गावातली अर्धी आळी येणार होती, शीतलच्या माहेरची माणसं डिचोलीहून निघणार होती. केक बेकरीतून येतो, त्याचं कोणाला कौतुक नसतं. आमच्याकडे वाढदिवस असला की लोक विचारतात ते ट्रायफलचं. काचेचे दोन मोठे वाडगे, तळाला स्पंज केक, त्यावर लाल जेली, मग फळं, मग कस्टर्ड, आणि हे सगळं काठापर्यंत पुन्हा एकदा. काचेतून थर दिसतात म्हणून पोरं आधी वाडग्याभोवती फिरतात आणि मग खातात.

थराचं बाकी सगळं तयार होतं. स्पंज मुद्दाम आदल्या दिवशीचा आणला होता, ताजा असला की रस लागताच त्याचा लगदा होतो. जेली रात्रीच पसरट ताटात लावून सकाळी चौकोन कापले होते. चिकू, द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, आणि केळी अगदी शेवटी कापायची म्हणून फण्या खुंटीला. सगळं तयार. जे सगळ्यांना एकत्र धरून ठेवतं तेवढंच तयार नव्हतं.

"दूधच तसला आसतला," सासूबाई माजघरातून शेंगा मोडता मोडता म्हणाल्या. त्या दोडामार्गकडच्या, आणि इतकी वर्षं गोव्यात काढून त्यांची बोली जागची हललेली नाही. "हल्लीच्या दुधाक काय चव नाय न् काय नाय."

"पावडर जुनी असेल," हे अंगणातून पांडुरंगचं. पांडुरंग माझा नवरा. दिवे लावायला शिडीवर चढला होता आणि तिथूनही त्याला पावडरचं वय दिसत होतं.

"गॅस मोठा झाला असेल," आबा. कप अजून रिकामाच.

दूध चांगलं होतं. पावडरचा डबा कालच फोडला होता. गॅस मंद होता. गुठळ्या का झाल्या ते मला माहीत होतं, आणि घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणूनच प्रत्येकजण दुसरं काहीतरी शोधत होता.

कस्टर्डचं असं आहे. अर्धा लिटरचं करायचं तर एकटी बाई झोपेतही करील. वाटीत थंड दुधात पावडर कालवायची, बाकीचं दूध साखर घालून उकळायचं, आच कमी करायची, एका हाताने वाटी ओतायची आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. पण तीन लिटरचं म्हटलं की वाटी राहत नाही, मोठं पातेलं होतं. ते एका हाताने धरवत नाही. शिवाय कालवलेली पावडर निवांत बसते हाच तिचा दोष. जरा तसंच ठेवलं की सगळी तळाला जाऊन चिकटते आणि वर नुसतं पाणचट दूध. आधी पातळ पातळ ओतलं जातं, आपल्याला वाटतं जमलं, आणि मग शेवटी तळाचा गाळ धपकन एकदम उकळत्या दुधात पडतो. पडल्या पडल्या बाहेरून शिजतो, आत कोरडाच. झाली गुठळी.

म्हणून आमच्या घरात हे काम चार हातांचं. शीतल लग्न होऊन आली त्या वर्षापासून. ती ओतते, मी ढवळते. ती मध्ये मध्ये पातेल्याचा तळ कुलेरीने, लांब चमच्याने, हलवून घेते, धार बारीक ठेवते, आणि मी डाव तळाला टेकवून गोल, आडवा, पुन्हा गोल. एवढ्या वर्षांत एक गुठळी नाही. लोक म्हणायचे, आनंदी-शीतलचं ट्रायफल. आनंदी म्हणजे मी. एकीचं नाव घेतलं नाही कधी कोणी.

आणि आज मी एकटी ओतत होते, एकटी ढवळत होते, आणि शीतल मागच्या दारी फुगे फुगवत बसली होती. फुगे फुगवायला आळीतली सगळी पोरं हजर असताना.

कारण ऐका. होळीच्या आधी मी दूध आणायला बूथवर गेले होते. बूथवाली शांता, अख्ख्या साखळीची खबर तिच्या पिशव्यांबरोबर थंड होत असते. ती म्हणाली, "तुमची धाकटी पर्वरीला जाते म्हणे. फ्लॅट बरा आसा?"

मी म्हटलं, "हो, बरा आसा."

पर्वरीला फ्लॅट आहे हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी वर आणखी म्हटलं, "उजेड चांगला येतो." कशासाठी म्हटलं देव जाणे. बाईमाणसाची अब्रू कधी कधी न बघितलेल्या खिडकीवर अवलंबून असते.

घरी आल्यावर पांडुरंगला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असेल."

"तुला कोणी सांगितलं?"

"सिद्धेशने." सिद्धेश त्याचा धाकटा भाऊ, शीतलचा नवरा. "तनयाच्या शाळेसाठी. त्याचं हापीस पण पणजीला. शनिवार-रविवार येतीलच ना इकडे."

सासूबाईंना विचारलं तर त्या गवारीच्या शेंगा मोडत म्हणाल्या, "शाळेसाठी. चेडवाची शाळा." आबांनी भिंतीला सांगितलं, "शाळा म्हणे." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच सांगायचं राहिलं होतं. आणि जिने सांगायला हवं होतं ती माझ्याशी एवढं गोड बोलू लागली की अंगावर काटा यावा. "वैनी, तुमचं होऊ दे, मग मी येते." "वैनी, ओटा पुसते मी, तुम्ही बसा." अकरा वर्षं आम्ही एकमेकींच्या कोपराला कोपर लावून स्वयंपाक केला, भांडलो, मीठ जास्त झालं की एकमेकींच्या नावावर ढकललं. आता ती आत आली की मी बाहेर, मी आत गेले की तिला कपडे वाळत घालायचे. तीच तीच साडी दोनदा वाळत घातलेली बघितली मी.

मला फ्लॅटचा राग नव्हता. खरंच नव्हता. माझं एवढंच म्हणणं होतं की तिने मला तोंडाने सांगावं. आज रात्री मांडवात शंभरजण तिला विचारणार, कधी जाताय, कुठला मजला. तेव्हा मी ट्रायफल वाढत उभी असणार, आणि मला पुन्हा एकदा म्हणावं लागणार, उजेड चांगला येतो.

असो. कस्टर्ड.

मी गाळून बघितलं. गुठळ्या गाळणीत राहिल्या आणि त्यांच्याबरोबर घट्टपणाही गाळणीतच राहिला. पावडर सगळी त्यांच्यातच होती ना. खाली आलं ते पिवळं दूध. मग सासूबाई म्हणाल्या, "मिक्सराक लाव." गुठळ्यांसकट मिक्सरला लावलं. गुठळ्या मोडल्या, पण फेस आला आणि जे थोडं दाट झालं होतं तेही मिक्सरने पातळ करून टाकलं. असलं स्पंजवर ओतलं तर सरळ तळाला जाऊन बसेल, थर कुठला दिसायचा.

आबांनी कप पुढे केला. मी त्यात तेच ओतलं. त्यांनी घोट घेतला.

"हे बरं लागतं," ते म्हणाले. या वेळी मला.

मी डोकं धरून मागच्या खोलीत केळी आणायला गेले आणि तेवढ्यात शीतल आत शिरली असणार. कारण परत आले तेव्हा उरलेल्या दुधाचा दुसरा तोप शेगडीवर होता आणि ती एकटी, पदर खोचून, ओठ घट्ट मिटून ढवळत होती. मी दारातच थांबले. मला बघताच म्हणाली, "वैनी, तुम्ही दमलात. म्हटलं मी करते."

"कर ना," मी म्हटलं. गोड. आम्ही दोघी एवढ्या गोड झालो होतो की साखर वेगळी घालायची गरज नव्हती.

पण मला दिसत होतं. घाईत तिने पावडर कालवायला दूध काढलं होतं ते शेगडीवरच्या तोपातलंच, कोमट. कोमट दुधात पावडर पातेल्यातच हट्टाला पेटते, तोपात जायचीही वाट बघत नाही. तिला हे माहीत नाही असं नाही. मला तिनेच तर शिकवलं होतं, पहिल्या वर्षी. तिच्या म्हापशाच्या मावशीकडून ती शिकली होती. मन दुसरीकडे असलं की हात असेच आंधळे होतात.

मी सांगायला हवं होतं. एक शब्द, "थंड." मी नाही सांगितला. केळीच्या फण्या ओट्यावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे असं बघत बसले जणू त्या काहीतरी बोलणार आहेत.

"मगो!" शीतल म्हणाली. तोपात पुन्हा गुठळ्या. डाव थांबला.

"दूधच तसला," माजघरातून सासूबाई.

"बूथवरचं दूध बदललंय म्हणतात," शिडीवरून पांडुरंग.

"पुरे हां!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की बाहेर फुगा फुटला. फुगा माझ्यामुळे फुटला नाही, पण सगळ्यांना तसंच वाटलं. "दुधाला काही झालेलं नाही! दुसरं दूध आणा. तीन लिटर. आत्ता. आणि दुधाला कोणी नावं ठेवली तर त्याला मांडवात उभा करून पेज वाढीन!"

पांडुरंग शिडीवरून उतरला आणि स्कूटर घेऊन गेला. सिद्धेश त्याच्या मागे बसला. दूध आणायला दोघेजण लागतात हे त्या दिवशी कळलं.

ते परत येईपर्यंत आम्ही दोघी ओट्याशी उभ्या. ती चिकू सोलत होती, मी सोललेले कापत होते. उन्हं मागच्या दारातून आत आली होती. तनया आली, जेलीचा एक चौकोन उचलून तोंडात टाकला आणि म्हणाली, "आई, माझ्या नव्या खोलीत भिंतीला असाच रंग..." आणि तोंडावर हात ठेवला. दहा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं की काय बोलायचं नाही. शीतलची सुरी चिकूत अडकली. तनया पळाली.

मी म्हटलं, "लाल रंग डोळ्याला लागेल."

शीतलने सुरी ओढून काढली आणि पुढचा चिकू घेतला.

दूध आलं. बूथवरच्या शेवटच्या पिशव्या, पांडुरंगने दारातूनच आत सरकवल्या. म्हणजे हे बिघडलं की संपलं, केक खा आणि घरी जा. मी तोप घासून घेतला, दूध ओतलं, साखर घातली. लिटरभर दूध वेगळं काढलं, थंडगार, पिशवी फ्रीजच्या पाण्यासारखी लागत होती. त्यात पावडर घातली आणि कालवली, एक एक कण विरेपर्यंत. दूध कडेने फुलायला लागलं. शीतल भिंतीशी उभी होती, निघायच्या बेतात. मागच्या दारी काय काय कामं असतात ना.

मी डाव उचलला. पातेलं उचललं. एका हाताला पेलेना. पुन्हा ठेवलं.

"शीतल," मी म्हटलं. "ये. ओत."

ती आली. पदर खोचला. पातेलं दोन्ही हातांत घेतलं, कुलेर त्यातच. मी आच बारीक केली.

"तळ हलवून घे."

तिने कुलेर फिरवली. खाली बसलेलं सगळं वर आलं.

"सोड. धार बारीक ठेव."

तिने धार सोडली. बारीक, दोऱ्यासारखी, पिवळी. मी ढवळायला लागले, गोल, आडवा, गोल. अशा वेळी वर बघता येत नाही. हे बरं असतं. दोन बायका हातभर अंतरावर उभ्या, एकीला सोडून जाता येत नाही, दुसरीला थांबता येत नाही, आणि दोघींची नजर एकाच तोपात.

"वैनी," ती म्हणाली.

"धार!"

धार जाड झाली होती. तिने पातेलं सरळ केलं, तळ हलवला, पुन्हा सोडली. मला माझाच राग आला. इतके दिवस जिच्या एका शब्दासाठी डोळे लावून बसले, तिने तोंड उघडलं आणि मी ओरडले धारेवर. पण गुठळी झाली असती. खरंच झाली असती.

पातेलं रिकामं झालं. तिने ते खाली ठेवलं, पण गेली नाही. दूध डावाला जड लागायला लागलं, मग आणखी जड. एक दोन बुडबुडे आले, आळसावल्यासारखे, फुटले. पावडरचा कच्चा वास गेला. मी डाव उचलून त्याच्या पाठीवरून बोट ओढलं. रेघ उमटली आणि तशीच राहिली, दोन्हीकडचं कस्टर्ड एकमेकांत आलं नाही.

"झालं," मी म्हटलं. एक गुठळी नाही. आबा पाठीमागे येऊन उभे होते, त्यांनी वाकून बघितलं आणि भिंतीला काहीही न सांगता निघून गेले.

आता निववायचं. गरम गरम ओतलं तर जेली वितळून लाल पाणी होतं, आणि पार थंड केलं तर कस्टर्ड घट्ट बसतं, थरावर पसरत नाही. तोप परातीत पाणी घालून त्यात ठेवला. नुसतं ठेवूनही चालत नाही. वर साय धरते आणि ती साय मोडली की पुन्हा गुठळ्याच. ढवळत राहायचं. माझा हात भरून आला होता. शीतलने न विचारता डाव घेतला. मी केळी कापायला लागले.

माजघरात सासूबाईंच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला होता. अंगणात शिडी हलत नव्हती. सगळं घर कान देऊन बसलं होतं आणि सगळं घर कामात असल्याचं सोंग करत होतं.

कोमट झालं. मी वाडगे पुढे ओढले. तळाला स्पंजचे तुकडे, त्यावर संत्र्याचा रस शिंपडला, फक्त ओला होईल इतका. जेलीचे चौकोन काचेला लावून, म्हणजे बाहेरून दिसतील. केळी, चिकू, द्राक्षं. शीतलने डावाने कस्टर्ड घातलं. ते सावकाश पसरलं, कडेपर्यंत गेलं, फळांच्या फटीत उतरलं आणि केळी सगळी झाकून गेली.

"शाळा म्हणे," मी म्हटलं. आबांसारखं, वाडग्याकडे बघत. "साखळीत शाळा नाहीत जणू."

तिने डाव तोपात ठेवला.

"शाळेसाठी नाही, वैनी." तिचा आवाज आधी बारीक होता, मग नीट आला. "आम्ही वेगळे राहायला जातोय. कायमचे. यांनी नाही, मी मागे लागून घेतला फ्लॅट. मला माझी स्वतःची चूल हवीय. तुमच्याशी भांडण असतं तर कधीच सांगून मोकळी झाले असते. भांडण नाही, म्हणूनच जीभ वळेना."